सूरा तौबाच्या शेवटच्या दोन आयती : कुरआनाचं संकलन कोणत्या नियमाने झालं

इ.स. 632 मध्ये मदिनेत पैगंबर मुहम्मद यांचं निधन झालं तेव्हा कुरआन पूर्ण लिहिलेला होता, पण एका ठिकाणी नव्हता. वेगवेगळ्या लेखनिकांकडे तो तुकड्या-तुकड्यांनी होता आणि अनेक सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, कमी-अधिक पाठ होता. पैगंबरांच्या हयातीत त्याची एकच जिल्द का बांधली गेली नाही, याचं कारण जुने विद्वान असं देतात की अवतरण चालूच होतं. नवी आयत, म्हणजे वचन, आधीच्या सूरेत, म्हणजे अध्यायात, मधेच बसू शकत होती, एखादी रद्दही होऊ शकत होती. शेवटचा शब्द उतरला हे कळायला पैगंबरांचं निधन व्हावं लागलं, आणि संकलनाचा प्रश्न त्यानंतरच उभा राहू शकला.

पुढे जे घडलं त्याची मुख्य साक्ष एकाच माणसाची आहे. जैद इब्न साबित हे अन्सारी, म्हणजे पैगंबरांना आसरा देणाऱ्या मदिनेकरांपैकी, आणि पैगंबरांचे लेखनिक. त्यांचं निवेदन इब्न शिहाब जुहरी (मृत्यू हिजरी 124) यांच्यामार्फत पुढच्या पिढ्यांना मिळालं आणि बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबर आणि त्यांच्या काळाबद्दलच्या निवेदनांच्या संग्रहात, आलं. या निवेदनात संकलनाची पद्धत आहे, शिवाय ती पद्धत जिथे अडली त्या जागाही आहेत. सूरा तौबाच्या शेवटच्या दोन आयती ही त्यातली सगळ्यांत बोलकी जागा. जैद नेमकं काय तपासत होते, हे तिथेच कळतं.

यमामा

पैगंबरांनंतर अबू बक्र खलिफा झाले आणि लगेच अरबस्तानात बंडं उसळली. यमामा भागात मुसैलिमा स्वतःला नबी म्हणवत होता. खालिद इब्न वलीद यांच्या सैन्याशी त्याची लढाई झाली. मुसैलिमा मारला गेला, पण विजय महाग पडला. अनस इब्न मालिक यांच्या सांगण्यानुसार त्या दिवशी एकट्या अन्सारांतले 70 जण पडले. ज्यांच्याकडून कुरआन शिका असं पैगंबरांनी नाव घेऊन सांगितलं होतं त्या चौघांपैकी एक, सालिम, हेही त्यात होते.

पुढे दुसरे खलिफा झालेले उमर अबू बक्रांकडे गेले. कुरआनाचे जाणकार यमामात फार मोठ्या संख्येने मारले गेले, पुढच्या लढायांतही असंच झालं तर कुरआनाचा बराच भाग हातचा जाईल, तेव्हा तो एकत्र करायला सांगा, असं त्यांचं म्हणणं. अबू बक्रांचा पहिला प्रतिसाद नकाराकडे झुकणारा होता: जे पैगंबरांनी केलं नाही ते मी कसं करू? उमर पुन्हापुन्हा सांगत राहिले आणि शेवटी अबू बक्रांना ते पटलं. जैदना बोलावलं तेव्हा त्यांनीही हाच प्रश्न विचारला. एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तर तो याहून जड गेला नसता, असं ते पुढे सांगत.

जैदचीच निवड का, हे अबू बक्रांच्या बोलण्यातच आहे: तू तरुण आहेस, समजदार आहेस, तुझ्यावर आम्हाला कसलाही संशय नाही आणि तू पैगंबरांसाठी अवतरलेला मजकूर लिहून घेत होतास. पैगंबर मदिनेत आले तेव्हा जैद साधारण अकरा वर्षांचे होते, म्हणजे हे काम आलं तेव्हा विशीच्या थोडे पुढे. त्यांच्याहून वडीलधारे आणि जास्त काळ पैगंबरांजवळ राहिलेले जाणकार हयात होते. त्यातले एक वीस वर्षांच्या आत जोरात हरकत घेणार होते. ते पुढे येईलच.

नियम काय होता

जैदनी ज्या वस्तूंवरून कुरआन गोळा केला त्यांची यादी निवेदनांतून थोडी बदलते. खजुराच्या झावळ्यांचे सोललेले देठ आणि पातळ पांढऱ्या दगडांच्या चिपा बुखारींकडे आहेत. इतर निवेदनांत कातड्याचे तुकडे, उंटांच्या खांद्याची रुंद हाडं, उंटाच्या खोगिराच्या लाकडी फळ्या येतात. आणि यादीच्या शेवटी ‘माणसांची छाती’, म्हणजे पाठांतर.

जैदना स्वतःलाच कुरआन पाठ होता, तर बसून सरळ लिहून का काढला नाही? इब्न अबी दाऊद (मृत्यू हिजरी 316) यांनी मुसहफांवरच्या, म्हणजे कुरआनाच्या लेखी प्रतींवरच्या, निवेदनांचा जो संग्रह केला त्यात याचं उत्तर सापडतं. अबू बक्रांनी उमर आणि जैद यांना सांगितलं की मशिदीच्या दाराशी बसा आणि अल्लाहच्या ग्रंथातलं काहीही जो दोन साक्षीदारांसह घेऊन येईल, ते लिहून घ्या. दुसऱ्या एका निवेदनात उमर उभे राहून लोकांना आवाहन करतात: ज्याने पैगंबरांकडून कुरआनाचा काही भाग घेतला असेल त्याने तो आणावा. दोघांनी साक्ष दिल्याखेरीज काहीच स्वीकारलं जात नव्हतं.

दाराशी बसण्याच्या या निवेदनाची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, मधे तुटलेली आहे. उर्वा ते सांगतात, पण अबू बक्रांच्या काळात त्यांचा जन्मही झाला नव्हता. इब्न हजर अस्कलानी (मृत्यू हिजरी 852) हे बुखारींचे थोर भाष्यकार. ते ही त्रुटी नोंदवतात, रावी, म्हणजे निवेदन सांगणारे, विश्वासार्ह आहेत हेही नोंदवतात आणि मगच अर्थाकडे वळतात. ‘दोन साक्षीदार’ म्हणजे कदाचित एक लेखी तुकडा आणि एक पाठांतर, असं ते म्हणतात. किंवा तो तुकडा पैगंबरांच्या समोर लिहिला गेला होता हे सांगणारी दोन माणसं. सखावी या दुसऱ्या विद्वानांचा कौल असाच, दोन माणसांच्या बाजूने आहे.

हा दुसरा अर्थ धरला तर कामाचं स्वरूप स्पष्ट होतं. मजकूर माहीत आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. समोरचा तुकडा अस्सल आहे की नाही, हे ठरवायचं होतं. आठवणीतून मागाहून लिहिलेला कागद आणि पैगंबरांसमोर लिहिलेला कागद दिसायला सारखेच. आठवणीतून लिहिणारा प्रामाणिक असला तरी स्वतःच्या समजुतीसाठी एखादा खुलाशाचा शब्द मजकुरात घालून ठेवू शकतो, आणि पुढच्या वाचकाला तो शब्द आयतीचाच वाटतो. साक्षीचा नियम ही चूक रोखण्यासाठी होता, असं या भाष्यकारांच्या मांडणीवरून दिसतं.

नियम जिथे अडला

काम होत आलं आणि सूरा तौबाच्या शेवटाशी जैद थांबले. तिथल्या दोन आयती (128 आणि 129) अबू खुजैमा अन्सारी यांच्याकडे सापडल्या. ‘त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडेही सापडल्या नाहीत,’ असं जैद स्वतः सांगतात. तुमच्यातूनच एक दूत तुमच्याकडे आला आहे, तुम्हाला होणारा त्रास त्याला जड जातो, असं सांगणाऱ्या या आयती आहेत.

वरवर वाचलं तर हे वाक्य धक्का देतं. कुरआनाचा एक भाग एकाच माणसाच्या शब्दावर आत आला, असा अर्थ निघतो आणि आजही कित्येक जण तो तसाच काढतात. इब्न हजर यांचं उत्तर असं की ‘सापडल्या नाहीत’ म्हणजे लिहिलेल्या सापडल्या नाहीत. जैद त्या शोधत होते याचाच अर्थ त्या आहेत आणि कुठल्या जागी आहेत हे त्यांना ठाऊक होतं. माहीत नसलेली आयत कोणी शोधत बसत नाही. अडचण लेखी पुराव्यापुरती होती: पाठांतर भरपूर, तुकडा एकच. हा खुलासा मला तर्काला धरून वाटतो, कारण आठवणीवरच भागवायचं असतं तर जैद तिथे अडलेच नसते. अडले, यावरूनच नियम खराखुरा पाळला जात होता असं म्हणता येतं.

या जागी निवेदनांचा आणखी एक गुंता आहे. काही ठिकाणी त्या माणसाचं नाव अबू खुजैमा नसून खुजैमा इब्न साबित आहे. हे खुजैमा वेगळे, आणि त्यांची साक्ष पैगंबरांनी दोन माणसांच्या साक्षीइतकी धरली होती. त्यामागे घोड्याच्या खरेदीचा प्रसंग आहे: एका बदूने सौदा ठरल्यावर तो नाकारला आणि साक्षीदार मागितला, तिथे हजर नसूनही, पैगंबर खरंच बोलतात या खात्रीवर खुजैमांनी साक्ष दिली. तौबाच्या आयतींशी हे नाव जोडलं की पेच चटकन सुटतो, एका माणसाच्या दोन साक्षी होतात. इतकं सोयीचं उत्तर दिसल्यावर सावध व्हायला हवं, आणि इब्न हजर झाले. त्यांच्या मते तौबाच्या आयती अबू खुजैमांकडे मिळाल्या. खुजैमा इब्न साबित यांच्याकडे मिळालेली आयत वेगळी, सूरा अहजाबची 23 वी, आणि ती घटना पुढे तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळातली. दोन मिळत्याजुळत्या नावांमुळे दोन घटना एकमेकींत मिसळल्या.

नियम किती कडक होता याचं उलट बाजूचं उदाहरण लैस इब्न साद यांच्या नावे मिळतं. व्यभिचाराला दगडांनी मारण्याच्या शिक्षेची आयत म्हणून एक मजकूर उमरांनी आणला. ते एकटेच होते, म्हणून तो लिहून घेतला गेला नाही. संकलनाची कल्पना ज्यांनी मांडली त्यांचाच मजकूर परत गेला. मात्र लैस हिजरी 94 साली जन्मले, म्हणजे घटनेनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी. या निवेदनावर फार भार टाकू नये.

तयार झालेली पानं, ज्यांना सुहुफ म्हणतात, अबू बक्रांकडे राहिली. हिजरी 13 मध्ये त्यांचं निधन झाल्यावर ती उमरांकडे गेली. पुढे उमरांच्या खुनानंतर ती त्यांची मुलगी आणि पैगंबरांची पत्नी हफ्सा यांच्याकडे आली. ही प्रत लोकांत वाटली गेली नाही, तिच्यावरून कोणी शिकवल्याचं दिसत नाही. हरवण्याच्या भीतीपोटी केलेली ती जपणूक होती, आणि तेवढ्यापुरती ती पुरेशी होती.

दुसरा प्रश्न वेगळा होता

दहा-बारा वर्षांत राज्य इतकं पसरलं की हरवण्याची भीती मागे पडली आणि उलटीच अडचण आली. कुरआन शिकवणारे फार झाले. कूफ्यात अब्दुल्लाह इब्न मसऊद यांचं पठण चाले, बसऱ्यात अबू मूसा अशअरींचं, सीरियात उबै इब्न काब यांचं. पैगंबरांनी स्वतःच काही वेगवेगळ्या पठणांना मान्यता दिली होती. सूरा फुर्कान वेगळ्या तऱ्हेने म्हटली म्हणून उमरांनी हिशाम इब्न हकीम यांना चादरीने धरून पैगंबरांसमोर नेलं होतं, आणि पैगंबरांनी दोघांचंही पठण बरोबर ठरवून कुरआन सात ‘हर्फां’वर, म्हणजे पठणाच्या तऱ्हांवर, उतरला आहे असं सांगितलं होतं. ज्यांनी हे पैगंबरांच्या तोंडून ऐकलं त्यांना फरकाची भीती नव्हती. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांना मात्र आपल्या गुरूचं तेवढंच खरं वाटू लागलं. अबू किलाबा सांगतात की मुलं एकमेकांना भेटत, त्यांचे पाठ जुळत नसत, वाद गुरूंपर्यंत जाई आणि गुरू एकमेकांच्या पठणाला कुफ्र, म्हणजे धर्माचा नकार, म्हणत.

अर्मेनिया आणि अझरबैजानच्या मोहिमेत सीरिया आणि इराकचे सैनिक एकत्र आले तेव्हा हेच भांडण छावणीत सुरू झालं. सेनानी हुजैफा इब्न यमान घाबरून उस्मानांकडे आले: यहुदी आणि ख्रिस्ती जसे आपापल्या ग्रंथांवरून भांडले तसे हे लोक भांडण्याआधी त्यांना सावरा. इब्न हजर ही घटना हिजरी 25 च्या सुमाराची धरतात आणि हिजरी 30 सांगणाऱ्यांना खोडून काढतात.

उस्मानांनी हफ्सांकडून सुहुफ मागवले, नकला करून परत देण्याच्या बोलीवर. चौघांची मंडळी नेमली: पुन्हा जैद, आणि कुरैश या पैगंबरांच्या मक्केतल्या कुळाचे तिघे: अब्दुल्लाह इब्न जुबैर, सईद इब्न आस, अब्दुर्रहमान इब्न हारिस. तिघांना सूचना अशी की जैदशी कुठे मतभेद झाला तर कुरैशच्या बोलीप्रमाणे लिहा. एका निवेदनात कामाची वाटणीही आहे: सईद यांनी सांगायचं, जैदनी लिहायचं.

मतभेद झाल्याचं एक ठोस उदाहरण तिरमिजी या हदीससंग्राहकांनी नोंदवलं आहे. पेटी या अर्थाचा ‘ताबूत’ हा शब्द जैदना शेवटी ‘ह’ घालून लिहायचा होता, कुरैशच्या तिघांना ‘त’. उस्मानांनी ‘त’ लिहायला सांगितलं. एका अक्षराचा वाद खलिफापर्यंत जातो, यावरून मतभेद कोणत्या पातळीचे होते याचा अंदाज येतो.

मला या टप्प्यातला सगळ्यांत कामाचा तपशील इब्न अबी दाऊदकडचा वाटतो. एखाद्या आयतीवर मतभेद झाला आणि ती पैगंबरांनी अमुक माणसाला शिकवली होती हे आठवलं, पण तो माणूस गावात नसला, तर लेखनिक आधीची आणि नंतरची आयत लिहून मधली जागा कोरी सोडत आणि त्याला बोलावणं धाडत. तो आल्यावर जागा भरली जाई. अंदाजाने भरून पुढे जाण्याची मुभा नव्हती.

याच वेळी जैदना सूरा अहजाबची ती 23 वी आयत सापडेना. ‘पैगंबरांना ती म्हणताना मी ऐकत असे’, असं ते स्पष्ट सांगतात. म्हणजे इथेही आठवण होती, लेखी आधार नव्हता. तो खुजैमा इब्न साबित यांच्याकडे मिळाला. पण मग पहिल्या संकलनात ही आयत नव्हती की काय? हा प्रश्न जुन्यांनाही पडला होता. जुहरींच्या एका शिष्याच्या निवेदनात ही घटना अबू बक्रांच्याच काळातली आहे, आणि तसं मानणारे विद्वान आहेत. इब्न हजर मात्र ते त्या रावीची चूक ठरवतात आणि उस्मानांचाच काळ धरतात. त्यांचं मत मान्य केलं तर एक अवघड गोष्ट स्वीकारावी लागते: पहिल्या सुहुफमध्ये निदान एक जागा सुटलेली होती आणि नक्कल करणाऱ्यांनी आंधळेपणाने नक्कल केली नाही.

जाळलेल्या प्रती आणि कूफ्याचा विरोध

सुहुफ हफ्सांना परत गेले. मुख्य शहरांना एकेक मुसहफ रवाना झाला आणि याखेरीज ज्या पानांवर किंवा मुसहफांत कुरआन लिहिलेला असेल ते जाळण्याचा हुकूम निघाला. किती प्रती गेल्या यावर एकमत नाही. अंदलुसचे अबू अम्र दानी (मृत्यू हिजरी 444) बहुतेकांचं मत म्हणून चार सांगतात, अबू हातिम सिजिस्तानी सात.

कूफ्यात इब्न मसऊद भडकले. पैगंबरांच्या तोंडून मी सत्तराहून अधिक सूरा शिकलो, असं ते सांगत. मी मुस्लिम झालो तेव्हा जैद जन्मलेलेही नव्हते, तरी या कामातून मला वगळलं, ही त्यांची तक्रार तिरमिजींकडे नोंदलेली आहे. इराकच्या लोकांना आपापले मुसहफ लपवून ठेवायला त्यांनी सांगितलं. त्यांच्या प्रतीत शेवटच्या दोन सूरा नव्हत्या अशीही निवेदनं आहेत. इमाम नववी यांच्यासारखे विद्वान ती खोटी मानतात. इब्न हजर म्हणतात की सनद पक्की असताना आधाराशिवाय खोटी म्हणता येणार नाहीत, त्यांचा अर्थ लावावा लागेल.

त्यांना वगळण्याचं कारण इब्न हजर साधं देतात: काम मदिनेत होतं आणि तातडीचं होतं, इब्न मसऊद कूफ्यात होते, आणि मूळ सुहुफ लिहिणारे जैद हाताशी होते. तक्रारीचं हे पूर्ण उत्तर नाही, पण वगळण्यामागे मजकुराबद्दलचा वाद होता असं त्यातून दिसत नाही. उस्मानांनंतर खलिफा झालेल्या अलींचं मत सुवैद इब्न गफला यांच्याकडून येतं: उस्मानांनी जे केलं ते आम्हा सर्वांच्या समोर केलं, आणि त्यांनी केलं नसतं तर मी केलं असतं. इब्न मसऊद पुढे राजी झाले असंही इब्न अबी दाऊद सांगतात, पण विरोधाची निवेदनं जितकी ठळक आहेत तितकी ही नाहीत.

हफ्सांचे सुहुफ मात्र अजून शाबूत होते. मदिनेचा सुभेदार मरवान ते मागत राहिला, त्या नकार देत राहिल्या. हिजरी 45 च्या सुमारास त्यांचं निधन झालं आणि दफनाहून परतताच मरवानने त्यांचे भाऊ अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून ते मिळवून फाडून टाकले. त्यात जे होतं ते मुसहफात आलेलंच आहे, पण पुढे कधीतरी कोणी या पानांवरून शंका काढेल, असं त्याचं कारण. शंका टाळण्यासाठी तपासणीचं मूळ साधनच गेलं.

पाठवलेल्या प्रतींत नुक्ते, म्हणजे अक्षरं ओळखण्याचे ठिपके, नव्हते, स्वरचिन्हं नव्हती. ब, त, न ही अक्षरं शब्दात एकसारखी दिसत. त्यामुळे प्रत हातात आली तरी वाचायला गुरू लागायचाच. शिवाय या प्रती आपसांत अगदी तंतोतंत सारख्या नव्हत्या. दानींनी त्या फरकांची शहरवार नोंद केली आहे आणि ते बहुतेक एखाद्या अक्षराचे किंवा छोट्या शब्दाचे आहेत. सूरा आले-इम्रानची 133 वी आयत मदिना आणि सीरियाच्या प्रतींत ‘सारिऊ’ अशी सुरू होते, कूफा-बसऱ्याच्या प्रतींत तिच्या आधी ‘व’ आहे. सूरा हदीदच्या 24 व्या आयतीत मदिना आणि सीरियाकडे ‘हुव’ हा शब्द नाही, इतरांकडे आहे. हे फरक आजही छापील प्रतींत दिसतात. महाराष्ट्रातल्या मदरशांत मुलं जो कुरआन पाठ करतात तो कूफ्याच्या आसिम यांच्याकडून त्यांचे शिष्य हफ्स यांनी घेतलेला पाठ आहे, म्हणून त्यात ‘व’ आणि ‘हुव’ दोन्ही आहेत. मोरोक्कोत मदिनेच्या नाफिअ यांचा पाठ वर्श यांच्याकडून चालतो. तिथल्या प्रतीत दोन्ही नाहीत.